आठ पाकिटे, एक सरासरी आणि CONFIDENCE.T: प्रकल्प नोंदी

3 जून 2024

काम असे: पॅकिंग यंत्र 500 ग्रॅमवर लावलेले आहे. पाळीतून आठ पाकिटे उचलून त्यांचे निव्वळ वजन घ्यायचे आणि त्यावरून यंत्राची खरी सरासरी कुठे आहे ते मर्यादांसह सांगायचे. वजनकाटा 0.1 ग्रॅमपर्यंत वाचतो. प्रत्येक तासाला एक पाकीट, त्या तासातले मिनिट चिठ्ठी काढून. रिकाम्या पिशवीचे वजन प्रत्येक पाकिटापुरते वेगळे वजा केले आहे.

आलेली वजने, उचलल्या क्रमाने: 502.2, 499.7, 501.4, 498.9, 501.0, 503.1, 500.3, 501.8.

एक्सेलच्या शीटमध्ये ती A2 ते A9 मध्ये भरली. बाकीची मांडणी अशी:

```
D1  =COUNT(A2:A9)
D2  =AVERAGE(A2:A9)
D3  =STDEV.S(A2:A9)
D4  0.05
D5  =CONFIDENCE.T(D4,D3,D1)
D6  =D2-D5
D7  =D2+D5
```

सरासरी 501.05, प्रमाण विचलन 1.3743, आणि D5 मध्ये 1.1489. CONFIDENCE.T इंटर्व्हल देत नाही, फक्त त्याची अर्धी रुंदी देते. सरासरीतून ती वजा करायची आणि सरासरीत मिळवायची, हे काम D6 आणि D7 करतात. म्हणून 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल 499.90 ते 502.20.

फंक्शनवर विसंबण्याआधी तेच गणित सुटे करून पाहिले. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 13.22 येते. तिला 7 ने भागून वर्गमूळ घेतले की 1.3743. हे विचलन √8 ने म्हणजे 2.8284 ने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी 0.4859. आता 7 डिग्री ऑफ फ्रीडमसाठी दोन्ही शेपट्या धरून 5 टक्क्यांचा t 2.3646 आहे. 0.4859 गुणिले 2.3646 बरोबर 1.1489. शीटमध्ये हीच पडताळणी D8 मध्ये कायमची ठेवली आहे:

```
D8  =T.INV.2T(D4,D1-1)*D3/SQRT(D1)
```

इथे T.INV.2T च हवे. नुसते T.INV(0.05,7) लिहिले तर -1.8946 मिळतो, कारण ते डावीकडची एकच शेपटी धरते. उणे चिन्ह दिसले की हीच चूक समजायची. चिन्ह काढून ABS लावले तरी आकडा चुकीचाच राहतो.

4 जून

शीटची आधीची आवृत्ती CONFIDENCE वापरत होती. ते नाव जुने आहे. एक्सेल 2010 पासून त्याचे दोन स्पष्ट भाग झाले, CONFIDENCE.NORM आणि CONFIDENCE.T. जुने CONFIDENCE सुसंगततेसाठी अजून चालते, पण आत ते नॉर्मलच आहे, t नाही. जुन्या शीटमधला आकडा आणि आमचा आकडा जुळत नव्हता त्याचे कारण एवढेच.

फरक किती पडतो ते याच आठ वजनांवर पाहिले. CONFIDENCE.NORM त्याच 0.4859 ला 1.96 ने गुणते आणि 0.952 देते. इंटर्व्हल होतो 500.10 ते 502.00. म्हणजे नॉर्मलच्या हिशेबाने 500 बाहेर राहतो आणि यंत्र जास्त भरते असे म्हणायला आधार मिळतो. t च्या हिशेबाने 500 आत आहे, तसे म्हणता येत नाही. माप तेच, वजने तीच, फक्त फंक्शनच्या शेपटाला NORM आहे की T, त्यावर निर्णय उलटतो.

यात बरोबर कोण, हे मताचे नाही. CONFIDENCE.NORM गृहीत धरते की समष्टीचे प्रमाण विचलन आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. आपल्याला ते ठाऊक नाही, आपण ते याच आठ पाकिटांतून काढले आहे. आठ मापांतून काढलेले विचलन किती डळमळीत असते त्याचाही आकडा काढता येतो. काय-वर्ग वितरणाने 13.22 वरून खऱ्या विचलनाची 95 टक्के मर्यादा काढली तर ती 0.91 ते 2.80 येते. हातातला 1.37 हा इतक्या रुंद पट्ट्यातला एक अंदाज आहे. विचलन योगायोगाने कमी आले तर नॉर्मल इंटर्व्हल खोटा अरुंद होतो आणि त्याची भरपाई कुठेच होत नाही. t चा गुणक मोठा असतो तो या अनिश्चिततेपायी.

नेमके नुकसान असे: वजने नॉर्मल वितरणाची असली तरीही, आठच्या नमुन्यावर 1.96 वापरून काढलेला इंटर्व्हल खरी सरासरी 95 टक्के वेळा पकडत नाही, 90.9 टक्के वेळा पकडतो. तीनच मापे असतील तर हे प्रमाण 81 टक्क्यांवर येते. चुकण्याची शक्यता वीसात एक म्हणून सांगायची आणि प्रत्यक्षात ती पाचात एक असायची, हे फार आहे.

विल्यम सीली गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने 1908 साली हाच प्रश्न मांडला होता. ते गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करत आणि तिथे मोठे नमुने मिळणे अवघड होते. छोट्या नमुन्याचा प्रश्न कारखान्यातून आला, हे इथे नोंदवावेसे वाटते, कारण आपलाही प्रश्न तिथलाच आहे.

6 जून

CONFIDENCE.T ला तीन गोष्टी लागतात: अल्फा, प्रमाण विचलन, नमुन्याचा आकार. तिन्ही नुसत्या संख्या आहेत. मूळ वजने या फंक्शनला कधी दिसतच नाहीत. म्हणून चुकीची संख्या दिली तरी ते तक्रार न करता उत्तर देते, आणि उत्तर दिसायला ठीकच दिसते. कोणती चूक कसा आकडा देते हे माहीत असले तर ती पकडता येते, म्हणून प्रत्येक चूक मुद्दाम करून पाहिली.

पहिली, अल्फाच्या जागी 0.95. हे सर्वांत जास्त होते, कारण डोक्यात "95 टक्के" असते. फंक्शनला हवी आहे ती चुकण्याची परवानगी, म्हणजे 0.05. 0.95 दिले की ते 5 टक्के विश्वासाचा इंटर्व्हल काढते आणि उत्तर येते सुमारे 0.03. ओळखायची खूण सोपी आहे: काटा 0.1 ग्रॅम वाचतो आणि आठ पाकिटांत चार ग्रॅमहून जास्त फरक आहे, तर सरासरी 0.03 ग्रॅमच्या आत कळली असे होऊच शकत नाही. 95 असा पूर्णांक दिला तर निदान #NUM! येते, कारण अल्फा 0 आणि 1 च्या मधेच असावा लागतो. 0.95 ला मात्र काहीच अडवत नाही. म्हणून D4 ला डेटा व्हॅलिडेशन लावले: 0.2 पेक्षा मोठी संख्या घेतच नाही.

दुसरी, प्रमाण विचलनाच्या जागी प्रमाण त्रुटी. कुणीतरी आधीच STDEV.S ला √n ने भागून वेगळ्या सेलमध्ये ठेवलेले असते आणि तोच सेल D3 मध्ये जोडला जातो. फंक्शन स्वतः √n ने भागते, त्यामुळे भागाकार दोनदा होतो. आपल्या बाबतीत 1.149 ऐवजी 0.406 मिळतो, इंटर्व्हल 500.64 ते 501.46. हा आकडा धोक्याचा आहे, कारण तो हास्यास्पद वाटत नाही. D8 ची पडताळणीही इथे उपयोगी पडत नाही, कारण तीसुद्धा D3 च वाचते. उपाय एकच: D3 मध्ये STDEV.S चे सूत्र थेट वजनांवरच असले पाहिजे, आणि शीटमध्ये प्रमाण त्रुटीचा स्वतंत्र सेल ठेवायचाच नाही.

त्याच जागी STDEV.P वापरले तर विचलन 1.2855 येते आणि मार्जिन 1.075. 7 च्या जागी 8 ने भागले जाते म्हणून हे लहान. मोठ्या नमुन्यात हा फरक विरून जातो, आठवर तो साडेसहा टक्के आहे. t चा गुणक 7 ने भागलेल्या विचलनासाठीच बनलेला आहे, तेव्हा STDEV.P त्याच्या जोडीला बसत नाही.

तिसऱ्या जागेविषयी, म्हणजे आकाराविषयी, वेगळी नोंद हवी.

7 जून

आकार COUNTA ने मोजायचा नाही, COUNT नेच मोजायचा. कारण असे: एखादे वजन मजकूर म्हणून साठवले गेले, म्हणजे आकड्याच्या आधी चुकून अपॉस्ट्रॉफी पडला किंवा दुसरीकडून चिकटवताना न दिसणारी रिकामी जागा आली, तर AVERAGE आणि STDEV.S ते वजन गुपचूप सोडून देतात. COUNT ही सोडते. COUNTA मात्र मोजते.

A6 मधले 501.0 मजकूर करून पाहिले. उरलेल्या सातांची सरासरी 501.06, विचलन 1.4842. COUNT वापरला तर आकार 7, मार्जिन 1.373. हा सात पाकिटांचा खरा इंटर्व्हल आहे, एक माप हरवले तरी प्रामाणिक आहे. COUNTA वापरला तर आकार 8 आणि मार्जिन 1.241: विचलन सातांचे, √n आठाचा, t ही आठाचा. हे कोणत्याच नमुन्याचे उत्तर नाही.

हरवलेले वजन कळावे म्हणून एक सेल:

```
D10  =COUNTA(A2:A9)-COUNT(A2:A9)
```

हा शून्य नसेल तर पुढचे काही वाचायचे नाही. डोळ्यांनी पाहायचे तर मजकूर झालेला आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटतो, खरा आकडा उजवीकडे. अर्थात कुणी सगळा रकाना मधोमध आणला असेल तर ही खूण जाते.

आकार 1 दिला तर #DIV/0! येते, ते योग्यच आहे. एका मापातून विचलन निघत नाही. आठही वजने अगदी सारखी आली तर विचलन 0 होते आणि #NUM! येते. त्याचा अर्थ यंत्र अचूक आहे असा नव्हे, बहुतेक वेळा काटा इतका ढोबळ वाचतो की पाकिटांतला फरक त्याला दिसत नाही.

10 जून

सूचना आली की प्रत्येक पाकीट तीनदा तोलावे, म्हणजे 24 मापे होतील आणि इंटर्व्हल अरुंद होईल. अरुंद होईल हे खरे, पण तो बरोबर राहणार नाही. हे नीट लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण छोट्या नमुन्याच्या कामात याच मार्गाने सर्वांत मोठी फसगत होते.

टोकाचा प्रसंग घेऊ: काटा इतका चांगला आहे की तिन्ही वेळा तोच आकडा येतो. आठ आकडे तीनदा उतरवले. सरासरी 501.05 च राहते. विचलन 1.3131 होते. आकार 24 धरला की √24 ने भागले जाते, 23 डिग्री ऑफ फ्रीडमचा t 2.0687 लागतो, आणि मार्जिन 0.554 येते. इंटर्व्हल 500.50 ते 501.60. 500 आता अर्ध्या ग्रॅमने बाहेर. यंत्राविषयी नवी माहिती शून्य, कारण एकही नवे पाकीट पाहिलेले नाही, तरी मार्जिन निम्म्याहून कमी झाले.

फंक्शनच्या "आकार" या शब्दाचा अर्थ ओळींची संख्या असा नाही. ज्या गोष्टीची सरासरी सांगायची आहे तिचे किती स्वतंत्र नग पाहिले, हा तो आकडा. इथे सरासरी पाकिटांची सांगायची आहे, तर नग पाकिटे आहेत. तीनदा तोलायचे असेल तर जरूर तोलावे, काट्याचा चळ त्याने कमी होतो. पण आधी प्रत्येक पाकिटाच्या तीन मापांची सरासरी काढायची, मग त्या आठ सरासरींवर STDEV.S आणि आकार 8.

एक ताळा उपयोगी पडतो: पाकिटामागची पुनरावृत्ती तीनाची तेरा केली तर मार्जिन आणखी घटते का? घटत असेल तर आकार चुकीच्या गोष्टीचा मोजला आहे.

11 जून

चर्चेत प्रश्न निघाला: आपल्याला सरासरी 500 पेक्षा कमी नाही एवढेच पाहायचे असेल तर दोन बाजूंचा इंटर्व्हल कशाला? प्रश्न रास्त आहे. CONFIDENCE.T नेहमी दोन शेपट्यांवर अल्फा वाटते. एका बाजूची 95 टक्के खालची मर्यादा हवी असेल तर अल्फा 0.10 द्यायचा आणि फक्त D6 वाचायचा. आपल्या वजनांवर मार्जिन 0.921 येते, खालची मर्यादा 500.13.

म्हणजे एका बाजूने पाहिले तर 500 बाहेर, दोन्ही बाजूंनी पाहिले तर आत. यात विरोध नाही, दोन वेगळे प्रश्न आहेत. पण आकडे पाहून झाल्यावर आपल्याला सोयीचा प्रश्न निवडला तर 95 टक्के या शब्दाला काही अर्थ उरत नाही. आपल्या कामात कमी भरणे आणि जास्त भरणे दोन्ही खटकणारे आहे, म्हणून दोन बाजूंचा इंटर्व्हल हे ठरले. निर्णय शीटच्या पहिल्याच ओळीत, वजने भरण्याच्या जागेच्या वर लिहिला आहे.

13 जून

फंक्शन आणि आपली मांडणी दोन्ही तपासायला खोट्या वजनांवर चाचणी लावली. वेगळ्या शीटवर एका ओळीत आठ सेल, A ते H, प्रत्येकात:

```
=NORM.INV(RAND(),501,1.4)
```

त्याच ओळीत पुढे दोन सेल: खरी सरासरी 501 इंटर्व्हलमध्ये पडली तर 1, नाहीतर 0.

```
I1  =--(ABS(AVERAGE(A1:H1)-501)<=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(A1:H1),8))
J1  =--(ABS(AVERAGE(A1:H1)-501)<=CONFIDENCE.NORM(0.05,STDEV.S(A1:H1),8))
```

ही ओळ 5000 वेळा खाली ओढायची आणि I, J रकान्यांची बेरीज घ्यायची. t च्या रकान्यात 4750 च्या आसपास, साधारण तीस कमी-जास्त, यायला हवे. नॉर्मलच्या रकान्यात 4546 च्या आसपास, चाळीस कमी-जास्त. RAND प्रत्येक बदलाला पुन्हा फिरते, त्यामुळे बेरीज सतत हलते. दोन पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे.

खरा उपयोग पुढे आहे. I1 मध्ये 6 जूनच्या नोंदीतल्या चुका एकेक करून घाला आणि बेरीज किती घसरते ते पाहा. 95 टक्के हा शब्द एका विशिष्ट इंटर्व्हलविषयी नाही, इंटर्व्हल काढण्याच्या पद्धतीविषयी आहे, हे या रकान्याकडे पाहिले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक ओळीचा इंटर्व्हल वेगळ्या जागी, वेगळ्या रुंदीचा. 501 जागचा हलत नाही.

शीटबाहेरचा ताळा म्हणून R मध्ये दोन ओळी:

```
x <- c(502.2,499.7,501.4,498.9,501.0,503.1,500.3,501.8)
t.test(x)$conf.int
```

499.9011 आणि 502.1989 मिळाले, शीटशी जुळले. पायथॉनमध्ये करणाऱ्यांनी एवढे पाहावे की `numpy.std` आपोआप n ने भागते. `ddof=1` दिल्याशिवाय ते STDEV.P आहे.

17 जून

दोन गोष्टी ज्या CONFIDENCE.T ला कधीच दिसत नाहीत.

पहिली, टंकनाची चूक. 503.1 च्या जागी 530.1 पडले तर काय होते? सरासरी 504.43, विचलन 10.43, मार्जिन 8.72, इंटर्व्हल 495.70 ते 513.15. एका बाजूला बिघडलेले एक वजन आहे आणि इंटर्व्हल मात्र दोन्ही बाजूंना ताणला गेला. खालची मर्यादा सर्वांत हलक्या पाकिटापेक्षाही तीन ग्रॅमने खाली गेली. एकच माप फार दूर असले की ते सरासरीला जितके ओढते, जवळपास तितकीच प्रमाण त्रुटीही वाढवते. इथे उरलेल्या सातांची सरासरी 500.76 आहे, ती नव्या सरासरीपासून 3.67 दूर आहे, आणि प्रमाण त्रुटी 3.69 झाली आहे. त्यामुळे असा इंटर्व्हल सहसा "काही सांगता येत नाही" असेच म्हणतो. मार्जिन विचित्र मोठे दिसले की आधी वजने पाहावीत. मात्र दूरचे वजन केवळ दूर आहे म्हणून काढायचे नाही. हस्तलिखित नोंद, काटा, पाकीट यांपैकी कुठेतरी कारण सापडले तरच दुरुस्ती. पाकीट खरेच 530 ग्रॅमचे असेल तर तीच त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची बातमी आहे.

दुसरी, क्रम. आपली आठ वजने चढत्या क्रमाने आली असती, पहिल्या तासाला 498.9 आणि शेवटच्या तासाला 503.1, तरी CONFIDENCE.T ने तेच 1.149 दिले असते. सरासरी आणि विचलनाला क्रम नसतो. पण तसे झाले असते तर यंत्र तासागणिक सरकत होते, आणि "यंत्राची सरासरी" अशी एक स्थिर गोष्टच नसती. म्हणून शीटमध्ये वजनांचा क्रमवार रेषा-आलेख D7 च्या शेजारी ठेवला आहे. आमच्या मालिकेत वजने वर-खाली जातात, एका दिशेने चढ नाही.

आठ पाकिटे तासाला एक न घेता सलग उचलली तर उलटा त्रास होतो. शेजारशेजारची पाकिटे एकमेकांसारखी असतात, विचलन लहान येते, इंटर्व्हल सुबक दिसतो आणि तो त्या दोन मिनिटांपुरताच खरा असतो.

काट्याचा शून्य सरकलेला असेल तर तेही इथे दिसणार नाही. सगळी वजने 0.8 ने वाढली तर विचलन तसूभरही बदलत नाही, अख्खा इंटर्व्हल 0.8 ने वर जातो आणि रुंदी तशीच राहते. त्याची तपासणी प्रमाणित वजन ठेवून, मापे सुरू करण्याआधी आणि संपल्यावर.

19 जून

अहवालात काय लिहायचे ते ठरले: "सरासरी निव्वळ वजन 501.05 ग्रॅम, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल 499.9 ते 502.2 ग्रॅम, t वितरण, n = 8." पूर्णांकन फक्त इथे, शेवटी. मधे विचलन 1.4 असे गोल करून फंक्शनला दिले तर मार्जिन 1.170 होते. दोन शतांश म्हणजे थोडे, पण मर्यादा 500 च्या इतकी जवळ असताना ते थोडे उरत नाही.

वाचणारे या ओळीचा एक अर्थ हमखास चुकीचा लावतात, तो असा की 95 टक्के पाकिटे 499.9 ते 502.2 च्या मधे आहेत. आपल्याच आठांपैकी 499.7, 498.9 आणि 503.1 ही तीन बाहेर आहेत, हे दाखवले की पुरते. पुढचे एक पाकीट कुठे पडेल ते हवे असेल तर √(1/n) च्या जागी √(1+1/n) लागते:

```
=T.INV.2T(D4,D1-1)*D3*SQRT(1+1/D1)
```

हे 3.447 येते, म्हणजे 497.6 ते 504.5. नमुना कितीही वाढवला तरी हा पट्टा फारसा अरुंद होत नाही, कारण पाकिटापाकिटांतला फरक आपल्या मोजण्याने कमी होत नाही. CONFIDENCE.T चा पट्टा मात्र होतो. दोन्ही ओळी अहवालात एकाखाली एक ठेवायच्या, शीर्षके "यंत्राची सरासरी" आणि "पुढचे एक पाकीट".

20 जून

सरासरी ±0.5 ग्रॅममध्ये हवी अशी मागणी आली आहे. किती पाकिटे लागतील?

नॉर्मलच्या सूत्राने (1.96 × 1.3743 / 0.5) चा वर्ग 29.02, म्हणजे 30 पाकिटे. पण 30 वर t 2.0452 आहे आणि मार्जिन 0.513 येते, पुरत नाही. 31 वर 0.504, तेही नाही. 32 वर 0.495. शीटमध्ये हे शोधायला सूत्र फिरवायची गरज नाही. F रकान्यात 8 पासून 60 पर्यंत आकडे, G2 मध्ये

```
=CONFIDENCE.T($D$4,$D$3,F2)
```

आणि खाली ओढायचे, 0.5 च्या खाली पहिला कोणता येतो ते वाचायचे.

हे 32 सुद्धा 1.37 हे विचलन खरे मानून आहे. 4 जूनच्या नोंदीप्रमाणे ते 2.80 पर्यंत असू शकते, आणि तसे असेल तर 120 हून अधिक पाकिटे लागतील. म्हणून 32 हा आकडा वचन म्हणून दिलेला नाही. चार पाळ्यांत प्रत्येकी आठ, तासाला एक, अशी 32 पाकिटे घ्यायची. दरम्यान सरासरीकडे पाहून मधेच थांबायचे नाही. 32 झाल्यावर विचलन पुन्हा काढायचे आणि मार्जिन 0.5 च्या वर राहिले तर जे आले ते मार्जिन छापायचे.

चारही पाळ्या एकत्र करण्याआधी पाळीवार सरासरी वेगळ्या मांडायच्या. पाळ्यांतला फरक पाकिटांतल्या फरकाच्या मानाने मोठा निघाला तर स्वतंत्र नग पाकीट राहणार नाही, पाळी होईल, आणि CONFIDENCE.T च्या तिसऱ्या जागेत 32 नव्हे, 4 जाईल. 3 डिग्री ऑफ फ्रीडमचा t 3.1824 आहे.

पाळी बदलताना यंत्राची सेटिंग कोण पाहतो आणि ती हलवली जाते का, हे पहिल्या पाळीआधी विचारून नोंदवहीच्या पानावर लिहायचे आहे.